अमिदा म्हणताना कुठे वाकायचं, पावलं कधी टाकायची?

कोकणपट्टी

नमस्कार मंडळी. मी बेने इस्रायल. मूळ गाव अलिबागकडचं, वाढलो ठाण्यात. घरी शब्बाथची बत्ती, मलिदा, सणवार सगळं होतं, पण रोजची तेफिला, म्हणजे प्रार्थना, मी कधी शिकलो नाही. दीड महिन्यापूर्वी बाबा गेले. तेव्हापासून कद्दिश म्हणायला रोज संध्याकाळी मशिदीत जातो (आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची, तोच शब्द तोंडात बसलाय). कद्दिश देवनागरीत लिहून घेऊन पाठ केला, तो आता नीट येतो.

अडचण अमिदाची, म्हणजे उभ्याने कुजबुजत म्हणायच्या प्रार्थनेची आहे. मिन्हात, म्हणजे दुपारनंतरच्या तेफिलात, सगळे एकदम उभे राहतात, पाय जुळवतात आणि चार-पाच मिनिटं नुसती कुजबुज. मधेच कोणी वाकतं, कोणी छातीला मूठ लावतं, शेवटी सगळे मागे सरकतात. मी शेजाऱ्याकडे बघून करतो, त्यामुळे तो सरळ होतो तेव्हा मी वाकलेला असतो. परवा तीन पावलं मागे घेतली ती थेट मागच्या काकांच्या पायावर. ते काही बोलले नाहीत. त्यांची अमिदा चालू होती, बोलणार कसे? मला मात्र रात्रभर चैन पडलं नाही.

हिब्रू अक्षरं ओळखतो, वाचायला फार वेळ लागतो. एवढंच विचारायचंय: नवीन माणसाने यात आपली जागा कशी शोधायची?

मोगरा_पुणे

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मला आईने शिकवलं ते सोपं आहे. 'बारूख' शब्द आला की वाकायचं. अमिदात अठरा प्रार्थना आहेत, म्हणून तिला शेमोने एस्रे, म्हणजे अठरा, म्हणतात. दर प्रार्थनेच्या शेवटी बारूख येतो, तिथे वाकायचं. आणि हे सगळं मनातल्या मनात, ओठ मिटून. बास.

सदानंद_सातारा

मी ज्यू नाही, पण विषय आवडला. उभ्याने मौन धरायचं म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं का? मी दहा दिवसांच्या शिबिरात बसून मौन केलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाच मिनिटं एका जागी उभं राहणं मला जमत नाही. तुमच्यात अशा माणसाने काय करायचं?

अश्दोदकर

कोकणपट्टी, बाबांच्या आठवणी तुमच्यासाठी आशीर्वाद ठरोत. माझे आजोबा मुंबईत हझ्झान, म्हणजे तेफिला चालवणारे, होते, मी त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो. जरा सविस्तर लिहितो.

आधी मोगराताईंच्या उत्तरातलं थोडं दुरुस्त करतो. नाव अठराचं आहे, पण रोजच्या अमिदात बेराखा, म्हणजे आशीर्वचनं, एकोणीस आहेत. मूळ अठरा होत्या, एक नंतर वाढली, नाव तेच राहिलं. वाकायचं मात्र फक्त चार ठिकाणी. दर बेराखाला वाकणाऱ्याला 'असं करू नकोस' म्हणून शिकवावं, असं तालमूद स्पष्ट सांगतं. जास्त वाकणं महायाजक आणि राजासाठी होतं. आपण चारच.

ती चार ठिकाणं दोन जोड्यांत आहेत. पहिली जोडी पहिल्याच बेराखात, तिच्या अगदी पहिल्या 'बारूख'ला आणि तिच्या शेवटी 'मागेन अव्राहाम'च्या आधीच्या 'बारूख'ला. दुसरी जोडी जवळजवळ शेवटाला, 'मोदीम' या शब्दाला आणि त्याच बेराखाच्या शेवटच्या 'बारूख'ला. बाकी सतरा 'बारूख' ताठ उभं राहून म्हणायचे.

वाकताना 'बारूख अत्ता' म्हणत खाली जायचं आणि देवाचं नाव तोंडात येईपर्यंत सरळ व्हायचं. नाव ताठ उभं राहून घ्यायचं. (इथे मी ते नाव लिहीत नाही, हाशेम लिहितो.) तुम्ही शेजाऱ्याकडे बघून उशिरा वाकता, तेव्हा नेमकं नावाच्या वेळी खाली असता. म्हणून शेजाऱ्याकडे बघणं सोडा आणि पुस्तकातल्या त्या चार शब्दांवर पेन्सिलीने खूण करा.

आता तीन भाग. पहिल्या तीन बेराखा स्तुतीच्या, मधल्या तेरा मागण्यांच्या, शेवटच्या तीन निरोपाच्या. राजापुढे जाणारा माणूस आधी नमस्कार करतो, मग आपलं काम सांगतो, मग आज्ञा घेऊन मागे सरकतो, तसंच. म्हणूनच वाकण्याची एक जोडी दाराशी येताना आहे आणि दुसरी निघताना. मागण्या चालू असताना वाकणं नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर जागा चुकणार नाही. लोक दुसऱ्यांदा वाकायला लागले की समजायचं मोदीम आलं, म्हणजे अठरावी बेराखा. हिच्यानंतर एकच उरली, शांतीची.

छातीला मूठ लावतात ती सहाव्या बेराखात, क्षमेच्या. 'हातानू' आणि 'पाशानू' या दोन शब्दांना. म्हणजे मधल्या भागाची ती नुकती सुरुवात. तेव्हा तुम्ही दुसऱ्या बेराखात असाल तर घाबरू नका, फार मागे नाही.

मोगरा_पुणे

इतकी वर्षं मी एकोणीस वेळा वाकत होते! आई आता नाही, तिला कोणी शिकवलं कोण जाणे. पण ओठ मिटून म्हणायचं, हे तरी बरोबर ना?

अश्दोदकर

तेही अर्धंच, ताई. अमिदाचा हा नमुना हन्नाकडून घेतलाय. शमुएलच्या पहिल्या पुस्तकात ती मूल मागायला शिलोला जाते. तिचे ओठ हलतात आणि आवाज ऐकू येत नाही, म्हणून एली याजकाला वाटतं ही प्यालेली आहे. ओठ हलायलाच हवेत, शब्द उच्चारायलाच हवेत. आपल्याच कानाला पुसटसं ऐकू येईल इतपत आवाज, शेजाऱ्याला नको.

सदानंदराव, म्हणून हे मौन नाही. शब्द ठरलेले आहेत आणि ते म्हणायचे असतात, श्वास मोजायचा नसतो. गुडघ्याचं म्हणाल तर उभं राहवत नसेल त्याने बसून म्हणावी. माझे सासरे शेवटची दोन वर्षं खुर्चीतून म्हणायचे आणि त्या चार ठिकाणी मान-खांदे खाली करायचे.

सदानंद_सातारा

समजलं. धन्यवाद. हन्नाची गोष्ट माहीत नव्हती, आज वाचतो.

बीर_शेवा_मावशी

अश्दोदकरांनी चांगलं सांगितलं, पण तोंड कुठे करायचं ते राहिलं. मुंबईत हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला, कारण यरुशलेम पश्चिमेला. मी चाळीस वर्षं पश्चिमेकडे तोंड करून म्हटलं. लग्नानंतर आधी अश्दोदला राहिलो, तिथे पहिल्या दिवशी घरी मी सवयीने पश्चिमेला वळले. समोर समुद्र! धाकट्या दिराने हळूच सांगितलं, वहिनी, यरुशलेम तुमच्या पाठीमागे आहे. आता बीर शेव्यात उत्तरेला तोंड करते. देश बदलला की पाय नव्याने शिकवावे लागतात.

कोकणपट्टी बाळा, एक सांगते. तुझ्या पुस्तकात नवव्या बेराखाला दोन उतारे छापलेले असतील, एक 'बारखेनू' आणि एक 'बारेख आलेनू'. दोन्ही म्हणायचे नाहीत. एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा. माझा भाचा महिनाभर दोन्ही म्हणत होता आणि म्हणायचा, सगळे माझ्याआधी कसे संपवतात!

कोकणपट्टी

मावशी, मीही दोन्ही म्हणतोय! मला वाटलं एकापाठोपाठ एकच आहे. मग आत्ता कोणता?

बीर_शेवा_मावशी

पेसाहपासून बारखेनू. आमच्याकडे इस्रायलात हेश्वानच्या सातव्या दिवशी बारेख आलेनू सुरू होतो, त्यात पाऊस मागतात. तुमच्याकडे भारतात तो डिसेंबरच्या सुरुवातीला, ४ किंवा ५ तारखेच्या संध्याकाळपासून. आत्ता जुलै आहे, तेव्हा बारखेनू.

रेवदंड्याचा_पाऊस

हेच मला लहानपणापासून कळत नाही. मुंबईत जुलैत गुडघाभर पाणी साचतं आणि आम्ही पाऊस मागणार डिसेंबरात? तेव्हा ढग तरी असतो का? शेती आमची, पाऊस जूनमध्ये हवा. ही प्रार्थना आपल्या मातीला कशी लागू पडते?

अश्दोदकर

प्रश्न जुना आहे आणि मोठ्यांनीही विचारलेला आहे. निनवेच्या लोकांनी राब्बी यहुदा हानासींना हेच विचारलं होतं: आम्हाला उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावं? उत्तर मिळालं की तुम्ही एकेकट्या गरजवंतासारखे समजा, आणि पाऊस 'शोमेआ तेफिला'त मागा. ती मागण्यांतली शेवटची बेराखा, सोळावी. तिथे माणूस स्वतःच्या शब्दांत काहीही मागू शकतो. नववी बेराखा सगळ्यांच्या ठरलेल्या वेळेने चालते, सोळावी तुमच्या गावाच्या पावसाने. जून कोरडा गेला तर रेवदंड्याच्या शेतकऱ्याने सोळाव्या बेराखात मराठीत पाऊस मागावा.

रेवदंड्याचा_पाऊस

मराठीत? अमिदाच्या मधे?

अश्दोदकर

हो. मिश्नात तेफिला कुठल्याही भाषेत चालणाऱ्या गोष्टींत धरली आहे. आणि आपल्याकडे तर एकोणिसाव्या शतकातच जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. अर्थ न कळता म्हणण्यापेक्षा मराठीत शोमेआ तेफिला म्हटलेली मला स्वतःला जास्त जवळची वाटते.

न्यू_जर्सी_वरून

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. मी इथे अश्केनाझी लोकांबरोबर तेफिला म्हणतो. आमचे राब्बी म्हणतात, नवीन माणसाने हिब्रू सोडून मराठी धरली की तो तिथेच राहतो. रोज एक बेराखा हिब्रूत पक्की करा, बाकीच्या भाषांतरात वाचा, असा त्यांचा सल्ला. मला त्याचा उपयोग झाला, तीन महिन्यांत अमिदा हिब्रूत आली.

आणि वाकण्याचंही. इथे मला शिकवलं की 'बारूख'ला गुडघे वाकवायचे, 'अत्ता'ला कमरेत वाकायचं आणि नावाला सरळ व्हायचं. मोदीमला मात्र गुडघे न वाकवता सरळ कमरेतून. आपल्या लोकांना मी गुडघे वाकवताना पाहिलेलं नाही. चूक कोणाची?

अश्दोदकर

चूक कोणाचीच नाही. आजोबा गुडघे वाकवत नसत. 'बारूख'ला अंग खाली, 'अत्ता'ला डोकं खाली, आणि वर येताना आधी अंग, मग डोकं. तालमुदात मात्र एके ठिकाणी सापासारखं हळूहळू, डोकं आधी वर घेणाऱ्याचं वर्णन आहे. रीत घराण्याची आणि सिनेगॉगची. कोकणपट्टी, तुम्ही जिथे कद्दिश म्हणता तिथली रीत धरा.

न्यू_जर्सी_वरून

मान्य. पण 'तिथली रीत' कोण सांगणार? आपल्या कितीतरी सिनेगॉगमध्ये आता जेमतेम दहा जणांचा मिन्यान होतो. दहातले चार जण स्वतःच बाजूला बघून करतात.

मोगरा_पुणे

हे मात्र खरं. आम्ही बायका वरच्या गॅलरीतून बघतो ना, तिथून स्पष्ट दिसतं. एक लाट पुढच्या ओळीत सुरू होते आणि मागच्या ओळीत दोन सेकंदांनी पोचते.

कोकणपट्टी

मंडळी, खूप कळलं. आता माझा मूळ अपघात: पावलं. सुरुवातीलाही पावलं, शेवटीही पावलं. ती किती, कोणती आधी, आणि मागे माणूस असेल तर काय?

अश्दोदकर

सुरुवातीला तीन पावलं पुढे. पुढे जागा नसते म्हणून आधी तीन मागे घेतात, मग तीन पुढे. मोजायची ती पुढची. मग पाय घट्ट जुळवायचे, टाच टाचेला, जणू एकच पाय. यहेज्केलच्या दर्शनात देवदूतांचे पाय तसे सरळ आहेत. तिथून शेवटच्या पावलापर्यंत पाय हलवायचे नाहीत, कोणी हाक मारली तरी बोलायचं नाही. म्हणून फोन आधी बंद.

शेवटी, शांतीची बेराखा आणि तिच्यामागचा उतारा संपला की तीन पावलं मागे, डाव्या पायाने सुरुवात. पावलं लहान, एका पायाची बोटं दुसऱ्याच्या टाचेशी येतील एवढीच. तुम्ही रस्त्यावरची पावलं टाकली असणार. मग वाकलेलेच राहून 'ओसे शालोम बिमरोमाव' म्हणत डावीकडे, 'हू' पासून पुढचं म्हणत उजवीकडे, शेवटचं समोर. डावीकडे आधी का, तर समोर उभ्या असलेल्याची ती उजवी बाजू.

तिथेच लगेच पुढे यायचं नाही. मागे थांबा. हझ्झान मोठ्याने अमिदा सुरू करून केदुशापर्यंत, म्हणजे तिसऱ्या बेराखातल्या 'कादोश'पर्यंत, येईल तेव्हा तीन पावलं पुढे. गुरूचा निरोप घेऊन लगेच परत आत शिरणाऱ्यासारखं दिसू नये, म्हणून थांबायचं.

आणि मागचा माणूस. त्याची अमिदा चालू असेल तर त्याच्या चार हातांच्या आत मागे सरकायचं नाही. चार हात म्हणजे साधारण सहा-सात फूट. तुमची संपली असली तरी जागेवर उभे राहा, तो मागे सरकला की मग तुमची पावलं. त्याच्यासमोरून चालतही जायचं नाही. तुमच्या काकांच्या बाबतीत तुम्ही लवकर संपवलं, एवढंच झालं.

कोकणपट्टी

मी लवकर संपवलं नव्हतं, दादा. तिसऱ्या-चौथ्या बेराखातच होतो. समोरचे सरकले म्हणून मीही सरकलो.

अश्दोदकर

मग तर सरकायचंच नव्हतं. तुमची अमिदा तुमच्या वेगाने. सगळे संपवून उभे असले तरी तुम्ही पाय जुळवून म्हणत राहा. मधेच हझ्झान केदुशाला पोचला तर थांबा, गप्प ऐका, 'कादोश'ला बाकीच्यांबरोबर मोठ्याने उत्तर देऊ नका, टाचाही उचलू नका. ऐकणं हेच उत्तर धरलं जातं. संपलं की जिथे होता तिथून पुढे.

दुसरा रस्ता नवीन माणसाला जास्त सोयीचा, असं मला वाटतं. मुळात हझ्झान मोठ्याने अमिदा परत म्हणतो तेच ज्याला येत नाही त्याच्यासाठी. कुजबुजीच्या वेळी पाय जुळवून उभे राहा, मराठी भाषांतर डोळ्यांखाली घाला. मग हझ्झानने सुरू केलं की त्याच्या शब्दामागे शब्द, हळू आवाजात, तुमची स्वतःची अमिदा म्हणा. त्याच्याबरोबर वाका, केदुशाही त्याच्याबरोबर म्हणा. तो एकेक शब्द स्पष्ट उच्चारतो, वेगही कमी. पण हे मिन्हात चालेल. अर्वीतला, म्हणजे रात्रीच्या तेफिलाला, हझ्झान अमिदा परत म्हणत नाही, तिथे ज्याची त्याने.

बीर_शेवा_मावशी

आणि वेळच पुरला नाही तर पहिली बेराखा तरी मन लावून म्हण. बाकी काही असो, तिच्यात लक्ष हवं असं मोठे सांगतात. अव्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव. तुझ्या बाबांचाही तोच.

न्यू_जर्सी_वरून

शब्बाथला मधल्या तेरा मागण्या नसतात हेही सांगा कोणीतरी. तिथे मधे एकच, एकूण सात. मी पहिल्यांदा शनिवारी तेराच्या तेरा सुरू केल्या होत्या.

मोगरा_पुणे

मी उद्यापासून चारदा वाकणार. पाठ आपोआप खाली जाईल, तिला आवरावं लागेल.

कोकणपट्टी

चार दिवसांनी लिहितोय. चारही शब्दांवर पेन्सिलीने खुणा केल्या, बारेख आलेनूवर कागद चिकटवला. सोमवारी हझ्झानच्या मागून म्हणत गेलो. मोदीमला वाकलो तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर होतो.

आज अर्वीतला एकट्याने म्हटली. अर्धी हिब्रूत, अर्धी मराठीत. संपली तेव्हा मागे बघितलं नाही, पण काकांची कुजबुज ऐकू येत होती, म्हणून उभा राहिलो. बराच वेळ. ते फार सावकाश म्हणतात. त्यांची पावलं मागे सरकल्याचा आवाज आला आणि मग मी डावा पाय उचलला. बाहेर आल्यावर त्या दिवसाची माफी मागितली, तर म्हणाले, तुझे वडील माझ्याच ओळीत उभे राहायचे.

गुडघ्यांचं मात्र कळलं नाही. आमचे हझ्झान वाकवत नाहीत, काका वाकवतात. बाबा काय करायचे ते काकांना उद्या विचारतो.